ढोल एक, उत्तरे दोन

दत्तजयंतीला शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी यात्रा भरते आणि तिच्यासोबत प्रसिद्ध घोडेबाजारही भरतो. ढोलाचा ताल सुरू झाला की शिकवलेला घोडा मान उंचावतो व पुढचे पाय लयीत उचलू लागतो. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक वाचकांनी हे दृश्य प्रत्यक्ष पाहिले असेल. मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या नात्यातील एका कन्येला सरावासाठी मी याच दृश्यावर एक प्रश्न दिला होता: ‘ढोल वाजताच घोडा नाचू लागतो, हे अभिजात अभिसंधान की साधक अभिसंधान?’

तिने क्षणाचाही विलंब न लावता ‘अभिजात’ असे लिहिले. कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, पाव्हलॉव्हच्या कुत्र्यालाही आवाजच ऐकवला होता ना? आवाज ऐकला आणि प्रतिक्रिया आली, म्हणजे अभिजातच.” व्याख्या तिला मुखोद्गत होत्या, आकृत्याही बिनचूक येत होत्या, तरीही उत्तर चुकले होते. परीक्षेत असे गुण अनेकांचे जातात, म्हणून हा घोटाळा आज सावकाश उलगडून पाहू.

प्रथम पाव्हलॉव्ह यांच्याकडे जाऊ. हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगात कुत्र्याला तालमापकाची टिकटिक ऐकवली जाई आणि लगेच अन्न दिले जाई. अन्नाने लाळ सुटणे हे जन्मजात आहे. काही वेळा ही जोडी लागल्यावर नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागली. येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्यावी. लाळ सुटो वा न सुटो, टिकटिकीमागून अन्न येतच होते. ते मिळवण्यासाठी कुत्र्याला काहीही करावे लागत नव्हते. एका उद्दीपकामागून दुसरा उद्दीपक येतो, एवढेच तो शिकला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पेटीतील उंदराची गोष्ट निराळी आहे. त्याने तरफ दाबली, तरच अन्नाची गोळी खाली पडे. तरफ दाबली नाही, तर गोळी नाही. म्हणजे उंदीर आपली कृती आणि तिचा परिणाम यांतील नाते शिकला.

यावरून परीक्षेत उपयोगी पडेल असा एकच प्रश्न हाती येतो: ‘शिकणाऱ्याने ती प्रतिक्रिया दिली नसती, तरीही पुढची गोष्ट घडली असती का?’ शिकवणीच्या काळात ती घडणारच होती, तर अभिजात. कृतीवाचून घडणारच नव्हती, तर साधक.

आता घोड्याला हा प्रश्न लावू. समजा, शिकवणारा ढोल वाजवतो आणि घोड्याने पाय उचलला की गुळाचा खडा देतो. पाय जमिनीवरच राहिला, तर गूळ नाही. अर्थात हे साधक अभिसंधान झाले. मग ढोलाचे काय? ढोल येथे लाळेसारखी प्रतिक्रिया खेचून काढत नाही. ‘आता पाय उचललास तर गूळ मिळेल’ अशी संधी तो दाखवतो. याला भेददर्शक उद्दीपक म्हणतात. आवाज दोन्ही प्रयोगांत असू शकतो. म्हणून उदाहरणात घंटा, ढोल वा शिट्टी दिसली, एवढ्यावरून उत्तर ठरवू नये.

‘अनैच्छिक प्रतिक्रिया म्हणजे अभिजात, ऐच्छिक म्हणजे साधक’ हा नियमही अनेक विद्यार्थी पाठ करतात. तो बहुधा साथ देतो, परंतु त्यावर पूर्ण विसंबू नये. डोळ्यावर हवेची फुंकर येण्यापूर्वी दर वेळी शिट्टी वाजली, तर काही काळाने नुसत्या शिट्टीने पापणी मिटते, हे अभिजात. पण पापणी मिटल्यावर बाळाला आई कौतुकाने कुरवाळते आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा पापणी मिटते, तर ते साधक. पापणी तीच, शिकण्याचा मार्ग मात्र निराळा.

आता कठीण उदाहरण घेऊ. एखाद्या घोड्याला पूर्वी चाबकाचे फटके बसले आहेत. आज मालकाने चाबूक नुसता उगारला, तरी घोड्याच्या छातीचे ठोके वाढतात, अंग ताठ होते आणि तो पुढे पळतो. ‘चाबूक म्हणजे शिक्षा, म्हणून साधक’ असे एका शब्दात लिहिले, तर निम्मेच उत्तर झाले. या प्रसंगाचे दोन भाग करावे लागतात.

पहिला भाग भीतीचा. फटक्याची वेदना हा अनभिसंधित उद्दीपक आणि वेदनेने छातीचे ठोके वाढणे ही अनभिसंधित प्रतिक्रिया. उगारलेला चाबूक आरंभी तटस्थ होता. वेदनेशी जोडला गेल्यावर तो अभिसंधित उद्दीपक झाला आणि त्याच्या नुसत्या दर्शनाने ठोके वाढणे ही अभिसंधित प्रतिक्रिया. पूर्वी फटका पडताना छातीचे ठोके वाढले काय, न वाढले काय, तो पडणारच होता. म्हणून हा भाग अभिजात.

दुसरा भाग पळण्याचा. घोडा वेळीच पुढे धावला, तर फटका टळतो. कृतीमुळे अप्रिय गोष्ट टळली व म्हणून ती कृती बळावली. हे साधक अभिसंधान. त्यातही शिक्षा नव्हे, तर ऋण प्रबलन. वर्तन वाढले की प्रबलन, वर्तन घटले की शिक्षा, हे सूत्र येथे पक्के धरावे. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे. काहीतरी काढून घेतले किंवा टळले, एवढाच त्याचा अर्थ. लगाम ओढल्यावर घोडा थांबतो व थांबताच लगाम सैल सोडला जातो, हेही ऋण प्रबलनच.

एक शेवटचा सापळा नंदुरबारच्या मिरची पथारींवर आहे. वाळत घातलेल्या लाल मिरचीजवळून जाताना नवख्या माणसालाही ठसका लागतो. हे कोणते अभिसंधान? कोणतेच नाही, ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिथे शिकणे घडलेलेच नाही. मात्र नाकाला रुमाल बांधल्यावर ठसका थांबला आणि म्हणून तो माणूस तेथे रोज रुमाल बांधू लागला, तर रुमाल बांधणे हे ऋण प्रबलनातून शिकलेले साधक वर्तन होय.

दोन्ही प्रकार शिकलेले विसरतात कसे, यावरूनही उत्तर पडताळता येते. कुत्र्याला टिकटिक ऐकवत राहावे आणि अन्न देऊ नये; लाळ हळूहळू कमी होते. घोडा पाय उचलत राहावा आणि गूळ मिळू नये. पाय उचलणे मंदावते. दोन्हींना विलोपन म्हणतात. पहिल्यात दोन उद्दीपकांची जोडी तुटते, दुसऱ्यात कृती व परिणाम यांची. कोणती जोडी तोडावी लागेल हे सांगता आले, की अभिसंधानाचा प्रकार ओळखलाच म्हणून समजावे.

त्या कन्येने नंतर ढोलाचे उत्तर पुन्हा लिहिले. या वेळी आरंभीच वाक्य होते: ‘पाय उचलल्यावाचून गूळ मिळत नाही, म्हणून हे साधक अभिसंधान.’ पुढे तिने ढोलाला भेददर्शक उद्दीपक म्हटले, गुळाला धन प्रबलक म्हटले आणि पाय उचलण्याला साधक प्रतिक्रिया. चार ओळींत उत्तर पूर्ण झाले. त्यात पाव्हलॉव्ह यांचे नाव कोठेही नव्हते.