फील्ड प्रोजेक्टचा विषयच बदलायला हवा

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि फील्ड प्रोजेक्ट हा शब्द घरोघरी पोचला. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तो नवा नव्हता, आता वाणिज्य आणि विज्ञानाची मुलंही वस्तीचे अहवाल लिहितात. उत्तर नागपुरात आम्ही काही जण एक अभ्यासिका चालवतो. तिथे संध्याकाळी बसणारी मुलं हे अहवाल मोबाइलवर चॅटजीपीटीकडून लिहून घेतात आणि ते लपवतही नाहीत.

आमच्या मते दोष आधी विषयाचा आहे. ‘सार्वजनिक वितरण व्यवस्था : महत्त्व व समस्या’ या विषयावर वस्तीत पाय न ठेवता आठशे शब्द लिहिता येतात. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत, ही सगळी माहिती बरोबरच येते. पूर्वी हेच उत्तर गाईडमधून उतरवलं जायचं.

पण गाईडमधून उतरवलेल्या निबंधाने वस्तीचं काही बिघडत नव्हतं. आता सर्वेक्षणही तयार होऊन येतं. ‘४० लाभार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, ६४ टक्के असमाधानी’ असं वाक्य अहवालात बसतं आणि तोच अहवाल पुढे कोणीतरी निवेदनाला जोडतं. अधिकाऱ्याने विचारलं, हे ४० जण कोणत्या गल्लीतले, तर निवेदन घेऊन गेलेला कार्यकर्ता तिथेच गप्प होतो. आणि त्याच वस्तीची खरी तक्रार पुढच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

म्हणून आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना त्याच विषयाचा वेगळा प्रश्न दिला. धान्यवाटपाच्या दिवशी आपल्या रेशन दुकानासमोर दोघांनी एक तास उभं राहायचं, पण एकमेकांशी बोलायचं नाही. किती माणसं आली, मशीनवर कोणाला किती वेळा अंगठा लावावा लागला, अंगठा जुळला नाही तेव्हा दुकानदाराने काय केलं आणि ते माणूस पुढे काय करतं, एवढंच वहीत लिहायचं. प्रत्येक नोंदीपुढे वेळ. बोललेलं वाक्य जसंच्या तसं, शुद्ध न करता. दुकानदाराला आधी सांगायचं, कोणाच्या कार्डाचा किंवा चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही, आधार क्रमांक लिहायचा नाही.

एका जोडीच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा प्रश्नाची ताकद कळली. एकीने मशीनकडे पाहून प्रत्येकाचे प्रयत्न मोजले होते. दुसरा रांगेच्या शेवटी होता, त्याने धान्य न घेता परत गेलेले मोजले. तिच्या वहीत एका म्हाताऱ्या बाईपुढे लिहिलं होतं, ‘तीनदा, मग बाजूला उभी केली.’ त्याच्या वहीत तीच बाई पंधरा मिनिटांनी रिकामी पिशवी घेऊन जाताना होती आणि तिचं वाक्यही होतं : ‘मशीन अंगठाच घेऊन नाही राहिली, पोराले पाठवतो उद्या.’ दोन्ही वह्या जोडल्यावरच तिची पूर्ण गोष्ट झाली.

हाच प्रश्न आम्ही मोबाइललाही टाकून पाहिला. उत्तर नीटनेटकं आलं. ‘तांत्रिक अडचणींमुळे बायोमेट्रिक पडताळणी अयशस्वी ठरल्याने वृद्ध लाभार्थ्यांमध्ये नाराजी दिसून आली.’ वाक्यात चूक काही नाही. पण बाई नाही, पिशवी नाही, आणि ‘उद्या’ म्हणजे पोराची एक रोजी बुडणार हेही नाही. खोटा तपशील मागितला तर तोही मिळतो, मात्र त्यात सगळेच लाभार्थी एकाच पुस्तकी मराठीत बोलतात आणि ‘मला नाही माहीत’ असं कोणीच म्हणत नाही. खऱ्या मुलाखतीत ते उत्तर हमखास येतं.

आकडेही तपासता येतात. वरचंच वाक्य घ्या. ४० पैकी २५ जण असमाधानी असतील तर ६२.५ टक्के होतात, २६ असतील तर ६५. मधले ६४ कुठूनच येत नाहीत. ही तपासणी शिक्षकाला दोन मिनिटांत करता येते, आणि निवेदनावर सही करण्याआधी आपल्यालाही.

प्रश्नाचा दुसरा भाग वर्गातल्या चर्चेला बांधलेला होता. वह्या वाचण्याआधी आम्ही गोल करून बसलो आणि मुलांचे तीन दावे फळ्यावर तारखेसह लिहिले. त्यातला एक होता, ‘दुकानदारच चोर आहे.’ लेखनाचा प्रश्न असा : या तीनपैकी ज्या दाव्याशी तुमची नोंद जुळत नाही तो निवडा आणि का जुळत नाही ते लिहा. जुळणारा दावा निवडायला सांगितला असता तर पुन्हा गुळगुळीत निबंध आले असते. एका मुलाच्या वहीत दुकानदार स्वतःच्या फोनचं नेट जोडून मशीन चालवताना दिसला होता, त्यामुळे त्याला आपल्याच मित्राच्या दाव्याविरुद्ध लिहावं लागलं. त्या खोलीत नसलेल्या कोणाला हे लिहिता आलं नसतं. बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरचा निबंधही कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला होता, समोर ऐकणारी आणि हटकणारी माणसं होती, हे इथे आठवतं.

हा उपाय पक्का नाही. चर्चेचं टिपण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की तेही मोबाइलला देता येतं, म्हणून आम्ही फळ्याचा फोटो स्वतःजवळच ठेवतो. हुशार मुलगा आपली वही टाइप करून त्यावरून अहवाल लिहून घेईल. त्याला आमची फारशी हरकत नाही, कारण तास तर तो उभा राहिला. पण गुण वहीला आणि तोंडी प्रश्नांना जास्त द्यावे लागतात. ८० मुलांच्या वर्गात सगळ्यांची तोंडी परीक्षा होणार नाही, हे शिक्षकांचं म्हणणं खरं आहे. चिठ्ठ्या टाकून १६ जण निवडले आणि पाच-पाच मिनिटं दिली तर ८० मिनिटांत होतं. आपलं नाव निघेल की नाही हे आधी माहीत नसल्याने बाकीचेही तयारीने येतात. प्रश्न साधे असावेत : तुम्ही कोणत्या बाजूला उभे होते, तिथून काय दिसत नव्हतं?

यापेक्षा सोपा म्हणून एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा मार्ग काही महाविद्यालयांना आवडतो. आमचा त्याला विरोध आहे. ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त यंत्राचे ठरवले गेले. मोजक्या, साध्या शब्दांत लिहिणारा विद्यार्थी त्यात अडकतो. आपल्या वस्तीतली घरातली पहिली पदवी घेणारी मुलं इंग्रजी अशीच लिहितात.

एक अडचण मात्र आमच्याकडून अजून सुटलेली नाही. दिवसभर कामावर जाणाऱ्या मुलाला धान्यवाटपाच्या वेळी दुकानासमोर उभं राहता येत नाही आणि अंधार पडल्यावर मुलींना एकटं पाठवणं आम्हाला पटत नाही. अशांना त्यांच्या कामाच्या जागेचाच प्रश्न देतो, जसं की मेडिकल स्टोअरमध्ये तासाभरात किती जणांनी चिठ्ठीतली अर्धीच औषधं घेतली. पण दोघांनी एकच गोष्ट पाहण्याची सोय तिथे राहत नाही, आणि वही पडताळायला जोडीदाराची दुसरी वही नसते. कोणत्या महाविद्यालयात यावर काही वेगळं करून पाहिलं असेल तर आम्हाला जरूर कळवा.