नव्या चित्रपटाची अडचण
मिनेसोटा विद्यापीठातील ग्रुपलेन्स गटाने 1997 मध्ये सुरू केलेली मूव्हीलेन्स ही शिफारस-प्रणाली सहयोगी गाळणीवर, म्हणजे ज्यांनी पूर्वी त्याच चित्रपटांना सारखे तारे दिले त्यांची पुढची आवडही जुळेल या गृहीतकावर, उभी राहिली. कथानक ठाऊक नसतानाही ती अनपेक्षित पण नेमके चित्रपट सुचवू शकते. मात्र ज्याला कोणीच तारे दिलेले नाहीत असा नवा चित्रपट तिला दिसतच नाही, आणि हीच शीतारंभाची समस्या होय. तिथे प्रकार, दिग्दर्शक, कलाकार यांवरून साम्य शोधणारी आशयाधारित गाळणी उपयोगी पडते, पण ती रहस्यपट पाहणाऱ्याला रहस्यपटच दाखवत राहते. नव्या सदस्याची तर आवडच नोंदलेली नसते. मूव्हीलेन्स त्याला आरंभीच काही चित्रपटांना तारे द्यायला लावत असे, आणि वयावरून अंदाज बांधण्यापेक्षा असे सरळ विचारणेच योग्य.