दोन लेख आणि त्याखालच्या चार ओळी

दैनिकाच्या पुरवणीला किंवा एखाद्या मासिकाला लेखक-उपसंपादक हवा असतो, तेव्हा अर्जासोबत पुष्कळदा एक गोष्ट मागितली जाते: प्रसिद्ध झालेले दोन लेख पाठवा आणि हेच का निवडले ते थोडक्यात लिहा. या मागणीचे दोन भाग आहेत आणि उमेदवारांची जवळजवळ सगळी मेहनत पहिल्यावर खर्च होते. कात्रणांच्या फायली उपसल्या जातात, कोणता लेख जास्त गाजला याची आठवण काढली जाते. ‘का निवडले’ या प्रश्नाला मग घाईघाईत दोन वाक्यं मिळतात: हे विषय मला जवळचे आहेत, वाचकांचा प्रतिसाद उत्तम होता. मला हा क्रम उलटा वाटतो. जे ‘का’ लिहिता येईल, त्यावरून लेख निवडावेत. आपण घेतलेला एखादा निर्णय ज्या लेखात पानावर बोट ठेवून दाखवता येतो, तो लेख पाठवावा. ज्यात तसा दाखवता येत नाही, तो कितीही गाजलेला असला तरी मागे ठेवावा.

याचं कारण छापील लेखाच्या स्वरूपातच आहे. वर नाव एकाचं असलं तरी लेखावरून अनेक हात फिरलेले असतात. मथळा बहुधा डेस्कवरचा उपसंपादक देतो. जागा कमी पडली की शेवटचे परिच्छेद तोच उडवतो, कधी तिसरा परिच्छेद उचलून पहिला करतो. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. त्याचा १९८१चा कथासंग्रह तुटक, कोरड्या शैलीसाठी वाखाणला गेला. त्या कथांचं मूळ हस्तलिखित २००९मध्ये ‘बिगिनर्स’ या नावानं प्रसिद्ध झालं, तेव्हा संपादक गॉर्डन लिशनं त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर कापला होता, हे सगळ्यांना ताडून पाहता आलं. जी शैली कार्व्हरची म्हणून ओळखली गेली, तिच्यात लिशचा वाटा मोठा होता. आपल्याकडे ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’चे श्री. पु. भागवत लेखकाशी चर्चा करून संहिता पुन्हा लिहून घेत. त्यातून साहित्याचं भलंच झालं. पण नोकरीसाठी माणूस निवडणाऱ्यापुढे प्रश्न वेगळा असतो. उद्या रिकाम्या पानासमोर हा माणूस एकटा बसेल तेव्हा काय करेल, हे त्याला जाणून घ्यायचं असतं, आणि तेवढंच नेमकं कात्रणावर उमटलेलं नसतं.

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या एका बातमीदाराकडे तीन लेख आहेत. पहिला मराठी शाळा बंद पडण्यावरचा, सर्वत्र फिरलेला मतलेख. दुसरा पीकविम्याची भरपाई कशी ठरते ते समजावणारा. तिसरा तमाशातल्या एका ढोलकीवादकाचा साडेतीनशे शब्दांचा मृत्युलेख, त्याच संध्याकाळी लिहिलेला. पहिला हात मतलेखाकडे जाईल. पण त्याबद्दल ‘का’ लिहायला बसलं की हाती फारसं काही लागत नाही. विषय तापलेला होता, मथळा डेस्कनं दिला होता आणि मतं अशी होती की निम्मे वाचक ती आधीच मानत होते. लेखकाचा त्यातला वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही.

पीकविम्याच्या लेखाचं तसं नाही. उत्पादनावर आधारलेली भरपाई एकेका शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पादनाशी ताडतात. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल असेल आणि सरासरी ७ भरली, तर तूट ३० टक्के; विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई १५ हजार. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर गेली, तर ज्याचं शेत पार झोपलं त्यालाही या हिशेबात काही मिळत नाही. आता या लेखाखालची टीप अशी लिहिता येते: “या विषयावरचे लेख सहसा शेतकऱ्याच्या व्यथेपासून सुरू होतात. मी दुसऱ्याच परिच्छेदात हिशेब मांडला, कारण आपल्याला शून्य का मिळालं हे वाचकाला माहीत नव्हतं आणि ते कळल्याशिवाय तक्रार कुठे करायची हेही कळत नाही. आकडे गोल घेतले, म्हणजे ते मनातल्या मनात करता येतील. मथळा आणि चौकट डेस्कची आहे, बाकी मजकूर मी दिला तसाच छापला आहे.” ही टीप वाचणारा लगेच दुसऱ्या परिच्छेदाकडे जातो आणि म्हटलंय ते तिथे आहे का ते पाहतो. लेख कुठून वाचायचा हे त्याला सांगितलं गेलेलं असतं.

दुसऱ्या लेखानं पहिल्याचीच साक्ष पुन्हा देऊ नये. पीकविम्यावर सवड होती, म्हणून जोडीला घाईत लिहिलेला मृत्युलेख योग्य. त्याची टीप म्हणेल: “वयाबद्दल घरच्यांत आणि फडातल्या साथीदारांत एकमत नव्हतं, म्हणून वय दिलं नाही. कोणत्या फडात किती हंगाम वाजवलं हे दोन्हीकडून जुळलं, तेवढंच दिलं.” मृत्युलेखात वय नसणं ही एरवी उणीव वाटली असती. टिपेमुळे तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता हे कळतं. घाईच्या वेळी हा माणूस काय गाळतो, हे पुरवणीच्या संपादकाला याहून चांगलं कुठे दिसणार?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. निवडणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. गाजलेला लेख त्याच्या आधीच ओळखीचा असतो आणि ओळखीचा फायदा मिळतोच. खरं आहे. पण तो फायदा अर्जातल्या परिचयाच्या ओळीत लेखाचा उल्लेख करूनही मिळतो, त्यासाठी दोनांतली एक जागा देण्याची गरज नाही. जाहिरात मतलेख लिहिणाऱ्याचीच असेल, तर मात्र मतलेख पाठवावा, आणि विरोधी मताला कोणत्या परिच्छेदात उत्तर दिलं ते टिपेत सांगावं.

डेस्कनं काय केलं हे सांगून आपलीच किंमत का कमी करायची, असंही कोणी विचारेल. मला उलट वाटतं. निवडणारा स्वतः डेस्कवर वाढलेला असतो. कोणता मथळा कोणाच्या हातचा हे त्याला बऱ्याचदा ओळखू येतं. संयुक्त नावानं आलेल्या मालिकेबाबत तर हे सांगणं टाळूच नये: मुलाखती कोणी घेतल्या, कागदपत्रं कोणी वाचली, लिहिलं कोणी. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तिथेच येतो, हा आकडा कुठून आणलात, आणि सहकाऱ्यानं आणलेल्या आकड्याचा उगम त्या क्षणी सांगता येत नाही. ज्याच्याकडे मोजून दोनच लेख आहेत त्याला निवडीला वाव नसतो, पण टिपेला असतो. त्यानं दोन्ही लेखांतली अशी एकेक जागा शोधावी, जिथे दुसरा पर्याय समोर असताना त्यानं हा घेतला, आणि तो पर्याय कोणता होता तेही लिहावं.