तुवे, दिहे, फुई आणि आपला 'केला'

माझी भाची रोह्याला असते. धाटावच्या एका कारखान्यात निर्यात विभागात आहे. दक्षिण अमेरिकेतली काही गिऱ्हाईकं तिच्याकडे आल्यापासून ती स्पॅनिश शिकते आहे, आणि मी पूर्वी कधीतरी शिकले होते म्हणून अडलं की रविवारी गाडी पकडून पेणला माझ्याकडे येते. गेल्या महिन्यात आली ती रडवेली होऊन. हातात क्लासमध्ये मिळालेला झेरॉक्सचा तक्ता. आडवे सहा रकाने, उभी वीस-बावीस क्रियापदं, आणि वर ठळक मथळा : 'अनियमित भूतकाळ – पाठ करणे'.

"मावशी, हे सव्वाशे शब्द मी कधी पाठ करू गं?"

मी तो तक्ता घडी करून पोह्याच्या पापडांच्या डब्याखाली ठेवून दिला. माझं स्पष्ट मत आहे की असा तक्ता शिकणाऱ्याचा शत्रू आहे. यात सव्वाशे गोष्टी नाहीतच. फार तर वीसेक आहेत, आणि 'अनियमित' हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे.

आधी आपल्या घरात बघू. लहान मूल बोलायला लागतं तेव्हा 'मी करलं' म्हणतं. आपण हसतो आणि 'केलं' म्हणून सुधारतो. पण केला, मेला, गेला या तिघांना शेजारी उभं करा. कर, मर, जा यांच्याशी त्यांचं रूप जुळत नाही, पण एकमेकांशी किती जुळतं! कारण ते आले आहेत कृत, मृत, गत यांच्यापासून. सांगितला, मागितला हे आणखी एक घर. म्हणजे नियम मोडणारी क्रियापदंही एकेकटी मोडत नाहीत, घराण्यानं मोडतात. स्पॅनिशमध्येही अगदी हेच आहे.

तिथली साधी क्रियापदं भूतकाळात शेवटच्या अक्षरावर जोर देतात. आब्ले म्हणजे मी बोलले, आब्लो म्हणजे तो बोलला. दोन्हीकडे जोर शेवटी, आणि लिहितानाही त्या स्वरावर तिरकी रेघ. आता 'तेनेर', म्हणजे जवळ असणे. त्याचं 'मी' चं रूप तुवे, 'तो' चं तुवो. इथे जोर पहिल्या अक्षरावर, तु-वर, आणि रेघ नाही. सगळी गंमत या जोराच्या जागेत आहे. जोर मागे सरकला की मूळ बदललेलं असतं आणि शेपट्या ठरलेल्या असतात : मी-ए, तू-इस्ते, तो-ओ, आम्ही-इमोस, तुम्ही-इस्तेइस, ते-इएरोन. तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुविएरोन. या सहा शेपट्या एकदा तोंडात बसल्या की प्रत्येक क्रियापदाचं फक्त 'मी' चं रूप लक्षात ठेवायचं.

आणि ती रूपं तीन घरांत राहतात. पहिलं घर 'उ' चं : तुवे (होतं माझ्याजवळ), एस्तुवे (होते), आन्दुवे (चालले), पुदे (जमलं), पुसे (ठेवलं), सुपे (कळलं), शिवाय कूपे आणि ऊबे. सुपे आणि पुसे ऐकून भाची खो खो हसली. एक धान्य पाखडायचं, दुसरं फडक्यानं. हसली ते बरं झालं, ते दोन शब्द आता ती जन्मात विसरणार नाही. दुसरं घर 'इ' चं, आणि त्यात तीनच माणसं : इसे (केलं), किसे, बिने (आले). तिसरं घर 'ह' चं, घशातून काढायचा खरखरीत ह : दिहे (म्हटलं), त्राहे (आणलं), आणि 'दुसीर' ने संपणारी सगळी क्रियापदं, उदाहरणार्थ कोन्दुहे (गाडी चालवली).

या तिसऱ्या घरात एक खोड आहे आणि सगळे तिथेच अडखळतात. 'ते' ची शेपटी इएरोन नाही, नुसती एरोन. दिहेरोन, त्राहेरोन. पाठ करायला सांगतात, कारण कुणी सांगत नाही. कारण सोपं आहे. हा ह पूर्वी 'श' होता. डॉन क्विक्झोट या नावाच्या स्पेलिंगमधला एक्स हा त्याच जुन्या 'श' चा. 'श' उच्चारताना जीभ टाळूजवळ असते, 'इ' उच्चारतानाही तिथेच, म्हणून श-नंतरचा इ त्यात विरून गेला. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास 'श' चा खरखरीत 'ह' झाला, पण गिळलेला इ परत आला नाही. हे एकदा सांगितल्यावर भाचीनं 'दिहिएरोन' पुन्हा लिहिलेलं नाही.

फुई मात्र या कुठल्याच घरात बसत नाही, त्याला ओढूनताणून बसवूही नये. फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. वेगळं पाठ करायचं. पण हे एक रूप 'मी गेले' आणि 'मी होते' दोन्हीसाठी चालतं, म्हणजे एका पाठांतरात दोन क्रियापदं पदरात. गोंधळ होत नाही का? क्वचितच. 'फुई आ रोहा' यातला 'आ' म्हणजे '-ला', म्हणून गेले. 'फुई माएस्त्रा' यात 'आ' नाही, म्हणून मी शिक्षिका होते. आणि आपण तरी काय करतो? 'जा' आणि 'गेला' या दोन वेगळ्या धातूंचा संसार हजार वर्षं चालवतोच आहोत की!

मग तिनं मोबाइल काढला. खरी भीती तक्त्याची नव्हतीच. त्या आठवड्यात तिनं गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं होतं आणि पाठवायचं धाडस होत नव्हतं. कंटेनर तिकडच्या कस्टम्सनं अडवला होता. 'अडवणे' म्हणजे देतेनेर. तिनं लिहिलं होतं 'ला आदुआना देतेनिओ'. शेवटी जोर, वर रेघ. मी म्हटलं, "त्या शब्दाच्या पोटात कोण बसलंय बघ." दे आणि तेनेर! तेनेरचं तुवो, म्हणून देतुवो. ही चूक तिकडच्या माणसांच्या हातूनही होते, तेव्हा लाजायचं काही कारण नाही. ओळखायची खूणही सोपी : या घराण्यातल्या शब्दावर रेघ काढावीशी वाटली की थांबायचं.

दुसरं वाक्य जास्त घातक होतं. 'आम्हाला उशीर करायचा नव्हता, पण माल वेळेत पाठवता आला नाही' असं तिला म्हणायचं होतं. लिहिलं होतं 'नो किसिमोस' पाठवायला. रूप बिनचूक! पण या काळात 'नो किसिमोस' चा अर्थ साधारणपणे 'आम्ही नकार दिला' असा होतो. गिऱ्हाइकानं वाचलं असतं, की आम्ही माल पाठवायला साफ नकार दिला. तिथे हवं होतं 'नो पुदिमोस', प्रयत्न केला पण जमलं नाही. तक्त्यात ही दोन्ही रूपं एकाखाली एक निमूट उभी असतात, आणि ऑर्डर कुणामुळे जाईल ते तक्ता सांगत नाही.

आम्ही पत्र दुरुस्त केलं. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. नागोठण्याच्या पुढे नेटवर्क आल्यावर तिचा फोन : "मावशी, उत्तर आलं. 'सुपिमोस आयेर' लिहिलंय. म्हणजे काल त्यांना माहीत होतं?"

"माहीत होतं नाही गं. कळलं. काल कळलं त्यांना."

"मग आमच्या आधीच कुणीतरी सांगितलं!" म्हणाली, आणि निडी आलं म्हणून फोन ठेवला.