419 Page Expired : फॉर्म भरून झाला, बटण दाबलं आणि पान 'संपलं'. असं का होतं?

'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी करायला सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. ती 18 नोव्हेंबरला संपणार होती, नंतर 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या काळात ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. ओटीपीची अडचण निदान कळते तरी. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये आणखी एक चूक येते आणि ती बघून भलेभले गोंधळतात. सगळं भरून 'सबमिट' दाबलं की पांढऱ्या पानावर `419 | PAGE EXPIRED` एवढंच दिसतं. काही साइटवर `CSRF token mismatch` असं लिहिलेलं असतं.

संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावात अनेकांचे फॉर्म सेवा केंद्रात भरले जातात. एकच संगणक, बाहेर रांग. ही चूक यायला याहून सोयीची जागा नाही.

टोकन म्हणजे काय?

तुम्ही फॉर्मचं पान उघडता तेव्हा सर्व्हर तुमच्यासाठी एक सेशन, म्हणजे तात्पुरती नोंद, उघडतो. तिचा क्रमांक ब्राउझरमध्ये कुकी म्हणून राहतो. त्याच वेळी फॉर्ममध्ये न दिसणारी एक ओळ घातली जाते:

```html
<input type="hidden" name="_token" value="k7Qz9...">
```

दवाखान्यात नंबराचं अर्धं कूपन तुमच्याकडे आणि अर्धं कंपाउंडरकडे असावं, तसं हे आहे. सबमिट केल्यावर सर्व्हर दोन्ही अर्धे जुळवून बघतो. जुळले नाहीत तर तुमची माहिती वाचण्याआधीच तो फॉर्म परत पाठवतो. त्यामुळे अर्ज 'नामंजूर' झालेला नसतो. तो पोहोचलेलाच नसतो.

हा उपद्व्याप कशासाठी? समजा, तुम्ही एका पोर्टलवर लॉगिन आहात आणि दुसऱ्या टॅबमध्ये एखादी फसवी लिंक उघडली. ते पान तुमच्या नकळत पोर्टलकडे 'बँक खातं बदला' असा फॉर्म पाठवू शकतं. टोकन त्या पानाला माहीत नसतं, म्हणून तो डाव फसतो.

दुपारचं उदाहरण

समजा, केंद्रात एका बाईंचा फॉर्म साडेअकराला उघडला. उत्पन्नाचा दाखला घरी राहिला होता, म्हणून त्या गावी गेल्या आणि दोनला परतल्या. पान जसंच्या तसं समोर आहे, भरलेली माहितीही दिसते आहे. पण लाराव्हेल या लोकप्रिय प्रणालीत काहीच बदललं नसेल तर सेशन 120 मिनिटांचं असतं आणि ती मिनिटं सर्व्हरशी झालेल्या शेवटच्या संपर्कापासून मोजली जातात. नुसतं टाइप करणं हा संपर्क नव्हे. अडीच तास उलटले, सर्व्हरकडचा अर्धा कागद फाडला गेला.

मधल्या वेळात चालकाने त्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये दुसऱ्या अर्जदाराचं लॉगिन केलं असेल, तर दोन तास व्हायचीही गरज नाही. कुकी सगळ्या टॅबना मिळून एकच असते. नव्या लॉगिनने टोकन बदलतं आणि पहिल्या टॅबमधला फॉर्म जुनं टोकन घेऊन बसतो.

तिसरं कारण कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेलं पान. 'बॅक' दाबलं किंवा मोबाइलने जुना टॅब पुन्हा दाखवला की कधीकधी सर्व्हरकडून ताजं पान येतच नाही, आधीचंच दिसतं. अर्थात टोकनही आधीचंच.

चूक कोणाची, हे कसं ओळखायचं?

फॉर्म नव्याने उघडून लगेच सबमिट केला आणि तो गेला, तर प्रश्न मुदतीचा किंवा टॅबचा होता. ताज्या पानावरही, वेगवेगळ्या मोबाइलवर, सगळ्यांनाच पहिल्या फटक्यात तीच चूक येत असेल तर दोष बहुधा साइटचा. बऱ्याचदा असं होतं की गर्दी वाढली म्हणून साइट चालवणारे फॉर्मचं पानही कॅशेमध्ये टाकतात. मग पहिल्या माणसाचं टोकन छापलेलं पान शेकडो जणांना वाटलं जातं. अशा वेळी तुम्ही कितीही प्रयत्न केले तरी उपयोग नाही. स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख-वेळ दिसू द्या आणि हेल्पलाइनला पाठवा. `502` किंवा `504` दिसलं तर मात्र ती सर्व्हरवरच्या ताणाची गोष्ट, टोकनची नाही.

`419` आल्यावर नुसतं रिफ्रेश करू नका. ब्राउझर तोच जुना फॉर्म, तेच जुनं टोकन पुन्हा पाठवतो. मागे जाऊन लांबलचक मजकूर आधी कॉपी करून ठेवा, मग साइटच्या मुखपृष्ठावरून पुन्हा लॉगिन करून फॉर्म उघडा. कुकी बंद केल्या असतील तर त्या चालू करा, नाहीतर प्रत्येक वेळी हेच होईल. केंद्रात दोन अर्ज एकाच वेळी भरायचे असतील तर दुसरा अर्ज वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडावा. कागदपत्रं आधी जमवून मगच फॉर्म उघडलेला बरा.

साइट बनवणाऱ्यांचा सोपा मार्ग म्हणजे ही तपासणीच बंद करणं. तक्रारी थांबतात, पण खातं बदलणाऱ्या त्या फसव्या पानाला दार उघडं होतं. त्यापेक्षा फॉर्मच्या पानाला `Cache-Control: no-store` लावणं, अर्धवट अर्ज जपून ठेवणं आणि मुदत संपण्याआधी पानावरच इशारा देणं हे काम फार मोठं नाही. आणि `PAGE EXPIRED` ऐवजी 'तुमचा अर्ज जमा झालेला नाही, पान पुन्हा उघडा' एवढं एक मराठी वाक्य.