‘शांत’ खेळातलं घड्याळ

हरण्याच्या धास्तीनं गळपटणाऱ्या मुलाला लोक हमखास ‘स्टारड्यू व्हॅली’ सुचवतात. शेतीचा शांत खेळ म्हणे! त्यातला दिवस सुमारे 14 मिनिटांत संपतो. रात्री दोनला घराबाहेर राहिलात तर कोसळता आणि पैसेही जातात. ही शिक्षा नाही तर काय?

मी ‘अनपॅकिंग’ देईन. खोकी उघडून घर लावायचं. घड्याळ नाही, गुण नाहीत. मात्र सगळं लावून झालं की चुकीच्या जागची वस्तू लाल कडेनं दिसते. धास्तावलेल्याला तेवढंही पुरतं. म्हणून सेटिंगमधला ‘Allow items anywhere’ हा पर्याय आधीच चालू करावा. मग वस्तू कुठेही ठेवा, चालते.

“मग आव्हान काय उरलं?” असं विचारतात. अहो, वर्गात परीक्षा कमी आहेत का?