थंडीत बोटे पांढरी पडतात तेव्हा

मार्गशीर्ष-पौषातील पहाटेच्या गारठ्यात काहींच्या हाताची बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, थोड्या वेळाने निळी होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन झिणझिणू लागतात. फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी 1862 साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

थंडीत शरीर आतील उष्णता राखण्यासाठी त्वचेकडील रक्तप्रवाह कमी करते. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. रेनोच्या विकारात मात्र बोटांतील बारीक धमन्या गरजेपेक्षा फार जास्त आवळल्या जातात. रक्त थांबले की बोट पांढरे दिसते. उरलेल्या रक्तातील प्राणवायू संपला की ते निळे पडते आणि धमन्या सैल होऊन रक्त पुन्हा वेगाने आले की लाल होते. मानसिक ताणानेही असा झटका येऊ शकतो.

बहुतेकांच्या बाबतीत हा केवळ धमन्यांचा हळवेपणा असतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो आतील एखाद्या रोगाची पहिली खूण असतो. हा भेद कसा ओळखावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एकाच घरातील दोघींना हा त्रास आहे. पुतणी 19 वर्षांची आहे. पंधराव्या वर्षापासून दर हिवाळ्यात स्कूटर चालवताना तिच्या दोन्ही हातांची बोटे सारखीच पांढरी पडतात. अंगठे मात्र सुटतात. हात उबेत आले की पाव तासात सारे पूर्ववत होते. बोटांवर कधी जखम झालेली नाही आणि तिच्या आईलाही तरुणपणी हाच त्रास होता.

काकूंचे वय 46. त्यांचा त्रास दोनच वर्षांपूर्वी सुरू झाला, तोही उजव्या हाताच्या एका बोटापासून. आता दुकानातील वातानुकूलित हवाही त्यांना पुरते. झटक्याच्या वेळी बोट ठणकते. बोटे सुजल्यासारखी, ताठर झाली असून अंगठी निघत नाही. एका बोटाच्या टोकावरील लहानशी जखम महिनाभर भरलेली नाही. शिवाय छातीत जळजळ होते आणि घास अडकल्यासारखा वाटतो.

घरातील मंडळी म्हणतात, “दोघींना एकच त्रास आहे, थंडीच बाधते.” चूक होते ती इथेच. जळजळीसाठी पित्ताचे औषध घेतले जाते, जखमेवर मलम लावले जाते, अंगठी सोनाराकडून कापून घेतली जाते; पण या सर्व खुणांची सांगड कोणी घालत नाही. त्वचा व अन्ननलिका कठीण करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या रोगात नेमक्या याच खुणा आढळतात आणि बोटांचा रंगबदल कित्येकदा इतर लक्षणांच्या बरीच वर्षे आधी सुरू होतो. ल्युपससारख्या रोगांतही हा रंगबदल दिसतो.

अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ते नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून तेथील केशवाहिन्या भिंगातून पाहतात. निरोगी बोटात त्या केसांच्या आकड्यासारख्या, एका ओळीत दिसतात. स्क्लेरोडर्मात काही फुगलेल्या असतात, तर काही नाहीशा झालेल्या असतात. जोडीला रक्ताची ए.एन.ए. तपासणी होते. ती काही निरोगी माणसांतही सकारात्मक येते. त्यामुळे केवळ त्या कागदावरून घाबरू नये. मात्र दोन्ही तपासण्या निर्दोष असतील, तर पुढे रोग उद्भवण्याची शक्यता फार कमी असते. पुतणीला एवढाच दिलासा पुरेसा आहे. काकूंची मात्र फुप्फुसे, हृदय आणि रक्तदाब यांचीही तपासणी व्हावी लागते, कारण हा रोग आतील अवयवांपर्यंत पोहोचू शकतो.

काही वेळा कारण औषधांत दडलेले असते. रक्तदाब किंवा अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि अर्धशिशीवरील अर्गोटामिन यांमुळे हा त्रास वाढू शकतो. ही औषधे स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारून बदलावीत.

दोघींनाही उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे केवळ हातच नव्हे, तर सारे अंग उबदार ठेवणे. कारण धड गारठले की मोजे घातलेल्या हातांच्या धमन्याही आवळतात. झटका आल्यास हात काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात बुडवावेत. कढत पाणी वापरू नये, कारण बधिर बोटांना भाजल्याचे कळत नाही. तंबाखू व धूम्रपान पूर्णपणे वर्ज्य करावे. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर निफेडिपिनसारखी धमन्या सैल करणारी गोळी देतात. तिने काहींचे डोके दुखते किंवा पाय सुजतात.

मात्र एखादे बोट ऊब देऊनही पांढरे वा निळेच राहिले, तीव्र ठणकू लागले किंवा काळे पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते.